एका वर्षाची रजा एकवीस महिन्यांची कशी करावी

कॉलेजातून वर्षभर बाजूला व्हायचंय, पण सीट मात्र हातची जाऊ द्यायची नाही, असा अर्ज डीनसाहेबांना लिहायला बसला असाल तर आधी नियमपुस्तिका माळ्यावर टाका. ती वाचली की अर्ज अर्ध्या पानात आटपतो, आणि अर्ध्या पानाच्या अर्जाला वजन ते काय!

माझ्या भाच्याचा कित्ता गिरवा. गाव कागलजवळ, कॉलेज कोल्हापुरात, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, पाचवं सेम चालू. ऑक्टोबर २०२४ मध्ये दाजींना अर्धांगवायूचा झटका आला आणि दिवाळी झाली की गुऱ्हाळ पेटवायचं होतं. पोरानं तीन पानं लिहिली. चुलवाणात चिपाड कोण घालणार, गुळव्यावर लक्ष नसलं की ढेप कशी चिकट राहते, मार्केट यार्डात सौद्याला कोण उभं राहणार, सगळं आलं. डीनसाहेबांना काहिलीचा वास आला असणार. फक्त आपण कुठल्या सेमला नसणार आणि कुठल्या सेमला परत येणार, तेवढं राहिलं. शेवटची ओळ अशी : ‘तरी मला आजपासून एक वर्षाची रजा मिळावी, ही नम्र विनंती.’

ही ओळ पाठ करून ठेवा. सगळी करामत तिच्यातच आहे.

कारण कॉलेजचं वर्ष कॅलेंडरवर चालत नाही, सेमवर चालतं. पाचवं सेम जुलैला उघडतं ते नोव्हेंबर-डिसेंबरच्या परीक्षेला मिटतं, आणि त्याचे तास पुन्हा थेट पुढच्या जुलैलाच. १४ ऑक्टोबरपासून एक वर्ष मागितलं की परतायचा दिवस पुढच्या वर्षीचा १४ ऑक्टोबर. तोवर पुढच्या बॅचचं पाचवं सेम संपत आलेलं असतं. पंच्याहत्तर टक्के हजेरी आता ब्रह्मदेव आला तरी भरत नाही. म्हणजे थांबा जुलै २०२६ पर्यंत. मोजा बोटांवर, एकवीस महिने झाले.

याउलट एखादा अरसिक विद्यार्थी लिहितो : ‘२०२४-२५ या शैक्षणिक वर्षाच्या पाचव्या व सहाव्या सेमसाठी अनुपस्थितीची परवानगी मिळावी, प्रवेश कायम राहावा, जुलै २०२५ मध्ये पाचव्या सेमला पुन्हा हजर होईन, या वर्षी भरलेल्या फीचं काय होणार ते कळवावं.’ सोबत दवाखान्याचा कागद आणि पालकांची सही. नऊ महिन्यांत गडी परत वर्गात. त्यात काय मजा?

आता खिडकीवर. तिथं भाऊसाहेबांना तोंडीच सांगा, ‘वर्षभर येणार नाही.’ त्यांच्याकडे त्यासाठी छापील फॉर्म बहुधा एकच असतो, प्रवेश रद्द करण्याचा. तो न वाचता भरा. वर ‘ओरिजिनल दाखला घेऊन जा’ म्हणाले तर आनंदानं घ्या. दाखला तुमच्या पिशवीत आला की सीट तुमची राहिली नाही, एवढा साधा हिशेब आहे. आमचं पोर इथं मात्र वाचलं, कारण त्या दिवशी झेरॉक्ससाठी सुट्टे नव्हते म्हणून ते फॉर्म तसाच ठेवून बाहेर गेलं आणि थेट डीनसाहेबांच्या केबिनमध्ये शिरलं.

मित्रमंडळींचं तर जरूर ऐका. कुणीतरी म्हणेलच, ‘भावा, अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे की, सात वर्षं सगळं सुरक्षित!’ त्या बँकेत क्रेडिट राहतात, हे खरं. बाक राहत नाही. पण हा फरक मैत्रीत काढू नये.

अर्ज दिला की आवक शिक्का मारलेली प्रत मागायची नाही. मोठ्या माणसांवर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. ‘बघतो’ म्हणाले म्हणजे झालंच समजा. भाच्याला तर चक्क जावक क्रमांकासह लेखी आदेश मिळाला : ‘दि. १४-१०-२०२४ पासून एक वर्ष अनुपस्थितीस परवानगी. प्रवेश अबाधित.’ ताईनं तो देवापुढं ठेवला. वर्षभरात तारखांकडं आमच्यापैकी कुणी बघितलं नाही. मीही नाही, आणि मी स्वतः नोकरीभर आवक-जावकच सांभाळलंय.

१४ ऑक्टोबर २०२५ ला, आदेशाप्रमाणं अगदी दिवस गाठून, पोरगं कॉलेजात हजर. पाठीला सॅक, हातात किलोची ढेप. भाऊसाहेबांनी आदेश वाचला, भिंतीवरचं वेळापत्रक बघितलं आणि म्हणाले, ‘सीट आहे की तुझी. पण आता बसतोस कशात? परीक्षेचे फॉर्मसुद्धा भरून झालेत.’

ढेप त्यांनी घेतली नाही. नियमात बसत नाही म्हणाले.

दाजी आता काठी घेऊन गुऱ्हाळापर्यंत चालत येतात. पोरगं काहिलीजवळ उभं राहून मळी काढतंय, सलग दुसऱ्या हंगामात.