अंतिम तारीख सापडेल काय?

कार्यालयाच्या इमारतीला आतून रंग देण्याची निविदा सूचना 'जरा आटोपशीर' करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मूळ मसुदा म्हणजे एकच वाक्य होते. ते 'तमाम इच्छुकांस कळविण्यात येते की' येथून निघून 'मागविण्यात येत आहेत' या क्रियापदापर्यंत पोहोचेस्तोवर वाचणाऱ्याला आपण कशाचे इच्छुक होतो हेच आठवत नसे.

त्या वाक्यात चार तारखा होत्या : कोरी निविदा मिळण्याची, निविदापूर्व बैठकीची, निविदा स्वीकारण्याची आणि तांत्रिक लिफाफा उघडण्याची. चौघींचा मान सारखाच. घाईतला ठेकेदार सर्वांत शेवटी छापलेली तारीख हीच अंतिम धरतो आणि इतरांचे लिफाफे उघडले जात असताना आपला बंद लिफाफा घेऊन दारात उभा राहतो. म्हणून मी स्वीकारण्याची तेवढी तारीख वर घेतली, ठळक केली आणि पुढे वार व वेळ लिहिली : 'गुरुवार, दुपारी 3 पर्यंत'. वेळ 'रात्री 12' अशी असती, तर ते 12 कोणत्या दिवसाचे यावर वेगळे शुद्धिपत्रक काढावे लागले असते.

पात्रतेपाशी खरी कसोटी लागली. मसुद्यात 'अनुभवी, नामांकित व आर्थिकदृष्ट्या सक्षम' असे म्हटले होते. आपण नामांकित नाही असे मानणारा ठेकेदार मला तरी आजवर भेटलेला नाही. निविदा पुस्तिकेतली खरी अट मात्र मोजता येण्याजोगी होती, तीच मी उचलली : 'मागील 3 आर्थिक वर्षांत रंगकामाचे किमान एक काम पूर्ण केल्याचा दाखला.' वरिष्ठांनी काटकसर म्हणून त्यातला 'पूर्ण' हा शब्द खोडला. तो मी अदबीने परत बसवला, कारण त्याच्याविना अर्धी भिंत रंगवून बसलेलेही पात्र ठरले असते, आणि सूचना व पुस्तिका यांत फरक पडला की तक्रार अर्ज आलाच म्हणून समजावे.

'विहित पद्धतीने सादर करावे' याऐवजी मी लिहिले : 'पहिल्या लिफाफ्यात दाखले व बयाणा भरल्याची पावती, दुसऱ्यात फक्त दर, दोन्ही मोहोरबंद करून तिसऱ्यात घालून त्यावर कामाचे नाव लिहावे. टपालाने आल्यास कार्यालयात पोहोचल्याची वेळ धरली जाईल.' हा मजकूर मुळापेक्षा लांब झाला, हे वरिष्ठांनी बोटाने मोजून दाखवले. पण दर चुकून पहिल्या लिफाफ्यात गेला तर निविदा बाद होते. येथे शब्द वाचवणे ठेकेदाराला महागात पडते.

या तिन्ही बाबी माथ्यावर आल्यावर उरलेल्या तारखा आणि 'कोणतेही कारण न देता निविदा नाकारण्याचा अधिकार' खाली बारीक टाइपात गेले. ते पाहून वरिष्ठ अस्वस्थ झाले. सूचना पहिल्याच वाचनात समजत होती. त्यांनी सही केली आणि समासात शेरा मारला : 'मजकूर सुबोध झाला आहे. काही सुटले आहे काय, ते तपासावे.'