बोनस ग्रॅम येतात कुठून आणि सोनं असतं कोणाकडे

«डिजिटल सोनं १००% सेफ आहे. भरलेल्या पैशांचं २४ कॅरेट सोनं त्याच दिवशी तुमच्या नावाने तिजोरीत जमा होतं. विमा असतो, सेबीची मान्यता आहे. वर बोनस ग्रॅम मिळतात, म्हणजे सोन्यावर व्याजच. सराफ्यातलं दुकान उद्या बंद होईल, ॲप बंद होत नाही. सगळ्या ग्रुपमध्ये पाठवा.»

इंदूरच्या आमच्या मराठी ग्रुपांत हा निरोप सणासुदीला हमखास फिरतो आणि त्याखाली जोडलेल्या हातांच्या खुणा सोडून काही येत नाही. मी इथे जीएसटीची कामं करतो. माझा दिवस बिलं वाचण्यात जातो, म्हणून बिलापासूनच सुरुवात करतो.

सुदामा नगरातल्या एका वहिनींनी त्यांचा फोन माझ्यापुढे ठेवला. ॲप उघडल्यावर वरच मोठ्या अक्षरात त्यांचं सोनं ३.१ ग्रॅम दिसत होतं. (आकडे समजायला सोपे जावेत म्हणून या लेखात सगळीकडे ग्रॅमचा भाव १०,००० रुपये धरतो.) वहिनी शंभर-दोनशे रुपयांची किरकोळ खरेदी अधूनमधून करत होत्या. त्याशिवाय त्यांनी ११ महिन्यांची योजना घेतली होती: दरमहा ५,००० रुपये आणि शेवटी पाव ग्रॅम बोनस. पाच हप्ते भरून झाले होते. मी त्यांना म्हटलं, ‘ग्रॅम राहू द्या, व्यवहारांच्या यादीतून दोन्हीकडचा एकेक कागद काढा.’

किरकोळ खरेदीचा कागद टॅक्स इनव्हॉइस निघाला. त्यावर सोन्याचं वजन चार दशांशांपर्यंत, त्या क्षणाचा भाव, ३ टक्के जीएसटी आणि विकणाऱ्या कंपनीचं नाव होतं. हे नाव ॲपचं नव्हतं. योजनेचा कागद मात्र नुसती पावती होती. रक्कम ५,०००, योजनेचा क्रमांक, बस. वजन नाही, भाव नाही, जीएसटीची ओळ नाही, आणि पैसे घेणारी तिसरीच एक कंपनी, दागिने विकणारी.

ही न दिसणारी ओळ सगळं सांगून जाते. मालासाठी आगाऊ पैसे घेतले तर त्या वेळी जीएसटी लागत नाही. माल विकल्यावर, बिल फाडताना लागतो. त्यामुळे हप्त्याच्या कागदावर कर नसेल आणि वजनही नसेल, तर सोन्याची विक्री अजून झालेलीच नाही. वहिनींच्या ३.१ ग्रॅमपैकी ०.६ ग्रॅम विकत घेतलेलं होतं. उरलेले २.५ ग्रॅम म्हणजे पाच हप्त्यांच्या २५,००० रुपयांना भावाने भागून पडद्यावर मांडलेला आकडा. ते सोनं कुठल्याही तिजोरीत त्यांच्या नावाने नव्हतं. दोन वेगळ्या गोष्टींची बेरीज एकाच पानावर दाखवली होती आणि ती वेगळी करायची सोय दोन पानं आत होती. मला याचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

योजना ११ महिन्यांचीच का असते, याचं उत्तरही इथेच आहे. कंपन्यांच्या ठेवींबाबतच्या २०१४ च्या नियमांनुसार, मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांच्या आत मालापोटी वळती झाली तर ती ‘ठेव’ धरली जात नाही. ठेव म्हटलं की कंपनीवर बंधनं येतात, म्हणून योजना वर्षाच्या आत गुंडाळतात. यात बेकायदा काही नाही. पण अर्थ समजून घ्या: हे पैसे म्हणजे दुकानदाराला दिलेली उचल आहे. मधेच कंपनी बुडाली तर तुम्ही बिनतारण घेणेकऱ्यांच्या रांगेत, बँकांच्या मागे. २०१९ च्या ऑक्टोबरात गुडविन ज्वेलर्सची डोंबिवली-ठाण्याची दुकानं बंद झाली, तेव्हा महिन्याचे हप्ते भरणारे लोक असेच उतरलेल्या शटरपुढे उभे होते. ॲपवरून हप्ता भरला म्हणून मागचं दुकान बदलत नाही, फक्त शटर कुठे आहे ते आपल्याला माहीत नसतं.

आता ज्याचं रीतसर बिल आहे त्या सोन्याकडे येऊ. ते कोणाकडे असतं? ॲपकडे नसतं. ॲप हा बहुधा दलाल. विकणारी कंपनी वेगळी: एमएमटीसी-पॅम्प, सेफगोल्ड, ऑगमाँट ही त्यातली परिचित नावं. तिजोरी सांभाळणारी कंपनी आणखी वेगळी. आणि ग्राहकांच्या वतीने त्या सोन्यावर हक्क धरून बसलेला एक विश्वस्त असावा लागतो, ज्याला कागदोपत्री ट्रस्टी म्हणतात. ही साखळी घरबसल्या तपासता येते.

बिलावरचा जीएसटी क्रमांक gst.gov.in वर ‘Search Taxpayer’ मध्ये टाका. नोंदणी चालू आहे की रद्द, आणि कायदेशीर नाव बिलावरच्या नावाशी जुळतं की नाही, ते लगेच दिसतं. मग mca.gov.in वर त्या कंपनीची माहिती काढा. तिथे ‘Index of Charges’ नावाची यादी असते, म्हणजे कंपनीच्या मालमत्तेवर कोणाकोणाचा बोजा आहे त्याची. एखाद्या बँकेने कंपनीच्या ‘सगळ्या साठ्यावर’ बोजा चढवलेला दिसला, तर ग्राहकांचं सोनं त्यातून वगळलंय का, हा प्रश्न लेखी विचारायलाच हवा. ग्राहकांचं सोनं आणि कंपनीचं स्वतःचं सोनं वेगळं ठेवलेलं नसेल, तर वाईट दिवशी दोन्हीवर बँक हात ठेवू पाहील.

त्यानंतर ॲपच्या अटी. सगळ्या वाचायला नकोत. ट्रस्टीचं नाव आहे का, आणि मालकी कोणत्या क्षणी ग्राहकाकडे जाते, एवढं शोधा. ‘बिल होताच मालकी ग्राहकाची, कंपनी फक्त सांभाळणार’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर ठीक. ‘ग्राहकाला तेवढ्या किमतीचा लाभ मिळण्याचा हक्क’ असं गोल लिहिलेलं असेल, तर तुम्ही सोनं नाही, वचन विकत घेतलंय. आणि ट्रस्टीचं नावच सापडत नसेल तर मी तिथे एक रुपयाही ठेवणार नाही.

सेबीचं म्हणाल, तर सेबीनेच ८ नोव्हेंबर २०२५ ला लोकांना उलट सावध केलंय: डिजिटल सोनं आपल्या अखत्यारीत येत नाही आणि त्यात फसगत झाली तर गुंतवणूकदारांना असणारं संरक्षण इथे लागू नाही. त्याआधी २०२१ मध्ये शेअर दलालांना ते विकणं बंद करायला लावलं होतं. कधी कधी ‘आमचा ट्रस्टी सेबीकडे नोंदलेला आहे’ असं सांगतात. ते खरं असूही शकतं, पण ती नोंदणी त्याच्या कर्जरोख्यांच्या कामाची असते. त्याने सोन्याचं काम घेतलं म्हणून सोन्यावर सेबीची नजर येत नाही. तसंच एमएमटीसी-पॅम्प ही सरकारी एमएमटीसी आणि स्वित्झर्लंडची पॅम्प यांची संयुक्त कंपनी आहे. नावात एमएमटीसी आहे म्हणून सरकारची हमी नाही. बँकेतल्या ठेवींना जे ५ लाखांचं विमाकवच असतं, तेही इथे नाही. तिजोरीचा विमा चोरी आणि आगीसारख्या नुकसानीचा असतो. जे सोनं विकतच घेतलं नाही, त्याची भरपाई तो देत नाही.

राहता राहिला बोनस, आणि लोक भुलतात ते यालाच. वहिनींचीच योजना घेऊ, पण त्यांच्या बाजूने धरून: समजा दर हप्त्याला खरंच सोनं घेतलं गेलं आणि भाव वर्षभर हलला नाही. ११ हप्त्यांचे ५५,००० रुपये. त्यातला जीएसटी वजा जाता ५३,३९८ रुपयांचं सोनं, म्हणजे ५.३४ ग्रॅम. आता विकायला जा. ॲप तुमच्याकडून ज्या भावाने सोनं परत घेतं, तो भाव ॲप तुम्हाला विकतं त्या भावापेक्षा कमी असतो. तो ३ टक्के कमी, म्हणजे ९,७०० धरला तर हातात येतात सुमारे ५१,८०० रुपये. पाव ग्रॅम बोनसचे २,४२५ त्यात मिळवा. झाले ५४,२२५. बोनस धरूनही भरले त्यापेक्षा ७७५ रुपये कमीच. ज्याला व्याज म्हणताहेत, ते तुमच्याच खिशातून आधी गेलेल्या पैशांचा काही भाग परत येणं आहे. तुमच्या ॲपवर दोन्ही भाव एकाच मिनिटाला पाहून फरक किती टक्के आहे ते काढा. त्या फरकात ३ टक्के जीएसटी मिळवा, आणि बोनसही टक्क्यांत काढून तो या आकड्यापेक्षा मोठा आहे का, एवढं पाहिलं तरी पुरे. शिवाय वहिनींच्या योजनेत एक हप्ता चुकला की बोनस रद्द, आणि बोनस मिळणार तो दागिना घेतल्यावरच. म्हणजे घडणावळ आलीच.

काही ॲपवर मात्र ग्रॅम खरोखर वाढतात. तिथे बटणावर ‘लीज’ असं काहीसं लिहिलेलं असतं. ते दाबलं की तुमचं सोनं तिजोरीतून निघतं आणि कुणा ज्वेलरला धंद्यासाठी उधार जातं. तो भाडं ग्रॅममध्ये देतो. व्यवहार खरा आहे, पण त्या दिवसापासून तुमच्याकडे सोनं नसून त्या ज्वेलरकडून येणं आहे. तो थकला तर काय, तारण किंवा बँक गॅरंटी कोणाच्या नावाने आहे, हे बटण दाबण्याआधी विचारायचं. तिजोरीत पडलेलं सोनं वाढत नाही आणि वाढणारं सोनं तिजोरीत नसतं. जो एकाच ग्रॅमबद्दल दोन्ही वचनं देतो, त्याला कुठली वस्तू नक्की विकतोय ते विचारा.

वहिनींसाठी आम्ही एक ईमेल लिहिला. विकणाऱ्या कंपनीला आणि ट्रस्टीला, दोघांनाही एकच. ॲपच्या मदत-चॅटवर नाही, कारण तिथे ठरलेली वाक्यं येतात. त्यात विचारलं: माझ्या बिल क्रमांकाचं सोनं कोणत्या तिजोरी-कंपनीकडे आहे? ग्राहकांच्या खात्यांतली एकूण शिल्लक आणि तिजोरीतलं वजन शेवटचं कधी ताडून पाहिलं, आणि कोणी? माझे योजनेचे हप्ते या शिल्लकीत धरले आहेत का? ट्रस्टीने चार दिवसांत उत्तर दिलं. तिजोरीचं नाव आणि ताळ्याची तारीख दिली, आणि योजनेचे हप्ते आपल्या नोंदीत नाहीत, असं एका ओळीत कळवलं. कंपनीकडून तिकीट क्रमांक आला.

वहिनींनी सहावा हप्ता भरला नाही. अटींप्रमाणे बोनस गेला, भरलेले पैसे परत मागता येत होते, ते मागितले. ०.६ ग्रॅम ठेवलंय, पण त्यातलं अर्ध्या ग्रॅमचं नाणं घरी मागवून पाहायला सांगितलंय. घडणावळ आणि पाठवणी पकडून ते महाग पडेल, आणि एक नाणं आलं म्हणून बाकीच्यांचं सोनं तिजोरीत आहे हेही सिद्ध होत नाही. तरी मागितल्यावर येतं की कारणं येतात, हे कळतं. पैसे अडकलेच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करायची, आणि परवानगीशिवाय ठेवी गोळा होताहेत असं वाटलं तर रिझर्व्ह बँकेच्या sachet.rbi.org.in वर.

ज्यांना भावाचाच फायदा हवाय आणि दागिना नकोय, त्यांच्यासाठी गोल्ड ईटीएफ आहे, म्हणजे शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा सोन्याचा म्युच्युअल फंड. डीमॅट खातं लागतं, खर्चही आहे, बोनस काहीच नाही. पण तिथल्या सोन्याची प्रत्यक्ष तपासणी ऑडिटरला दर सहा महिन्यांनी करून विश्वस्तांना कळवावी लागते, आणि ते करायला लावणारी सेबी असते.