जुनं रेकॉर्डिंग उघडणार नाही, पण ती की आजच काढा

"रावेरच्या गोदामातला राउटर चोरीला गेला. त्यातली वायरगार्डची प्रायव्हेट की वापरून जळगाव ऑफिसशी झालेला जुना, रेकॉर्ड केलेला ट्रॅफिक वाचता येईल का?"

नाही भाऊ, मजकूर वाचता येणार नाही. राउटरमधली कायमची की मुख्यतः ओळख पटवते. प्रत्येक हँडशेकला दोन्ही टोकं एक ताजी की-जोडी बनवतात आणि तिचा फक्त सार्वजनिक अर्धा भाग पाठवतात. आपला गुप्त अर्धा समोरच्याच्या सार्वजनिक अर्ध्याशी मिसळला की दोघांना एकच उत्तर मिळतं, आणि त्यातूनच ट्रॅफिक एन्क्रिप्ट करणारी की बनते. रेकॉर्ड करणाऱ्याकडे दोन्ही सार्वजनिक अर्धे असूनही ते उत्तर निघत नाही. ट्रॅफिक चालू असताना साधारण दर 2 मिनिटांनी हे नव्याने होतं, जुने गुप्त अर्धे मेमरीतून पुसले जातात. चोराला ते सापडणार कुठून?

खरी काळजी पुढची आहे. त्या कीने तो आज रावेर म्हणून जळगावला जोडू शकतो. `wg show` मध्ये त्या पीअरचं `latest handshake` ताजं दिसलं, तर तो आत आलाय. जळगावच्या सर्व्हरवर लगेच:

```
wg set wg0 peer <रावेरची पब्लिक की> remove
```

कॉन्फिग फाइलमधूनही ती काढा, नाहीतर रीस्टार्टनंतर परत येईल.