आयडिया नको, तुमच्या गावच्या बसच्या पाच ओळी आणा: पणजीत हॅकेथॉन, १२-१३ डिसेंबर

तर शेवटी ठरलं एकदाचं. १२ आणि १३ डिसेंबर, शनिवार-रविवार, पणजीत, विद्यार्थ्यांसाठी २४ तासांची हॅकेथॉन घेतोय. आम्ही सात-आठ जण, सगळे नोकरी करणारे, पैसे आपापसात काढलेले, त्यामुळे मंत्री, दिवे, स्वागतगीत असलं काही नाही. गोव्यातल्या कुठल्याही कॉलेजची पोरं चालतील, बारावी, डिप्लोमा, डिग्री, कॉमर्सवालेसुद्धा. फी नाही.

थीम एकच आहे: घर ते कॉलेज. म्हणजे तुमच्या गावातून कॉलेजात वेळेवर पोचायचं तर घरातून किती वाजता निघायचं, एवढंच सांगणारी गोष्ट बनवायची. ऐकायला फार सोपं वाटतं ना? गेल्या वर्षी मी एका ठिकाणी मेंटर म्हणून गेलो होतो, तिथे थीम होती 'स्मार्ट भविष्य' की असंच काहीतरी, आणि चाळीसेक टीमपैकी निम्म्यांनी रात्रभर लॉगिन पेज बनवलं, सकाळी वायफाय गेलं आणि डेमोला ते लॉगिन पेजसुद्धा उघडेना. पोरांची चूक नव्हती, थीमच अशी ढगात की हातात धरायला काही नाही. म्हणून यावेळी आम्ही मुद्दाम अशी घेतली की जिचं उत्तर बरोबर की चूक हे धक्क्यावर उभं राहून तपासता येईल.

माझंच उदाहरण घ्या. मी चोडणचा. सकाळी सव्वाआठला पणजीत प्रॅक्टिकल असेल तर आधी धक्क्यावर यायचं, फेरी पकडायची, रायबंदरला उतरायचं, मेन रोडवर पणजीची बस पकडायची. परवा मुद्दाम घड्याळ लावून गेलो. ७:२० ला चोडणच्या धक्क्यावर, ७:२८ ला फेरी सुटली, ७:३६ ला पलीकडे, ७:३९ ला बसस्टॉपवर, पहिली बस दाराला लटकलेली माणसं घेऊन न थांबताच गेली, दुसरी मिळाली ७:४७ ला, ८:०२ ला पणजी बसस्टँड. एकूण ४२ मिनिटं, आणि त्यातली खरी चालती मिनिटं किती, तर फेरीची ८ आणि बसची १५, मिळून २३. बाकीची १९ नुसती उभं राहण्यात आणि थोडी चालण्यात गेली. मॅपवर बघितलं तर अंतर एवढंसं दिसतं, पण तुमचा वेळ खातो तो हा उभा राहण्याचा भाग, आणि आपल्याकडे नेमका तोच कुठे लिहिलेला नाही.

आता याचं सरासरी उत्तर काढून उपयोग नाही हे लक्षात घ्या, इथेच बहुतेक टीम घसरणार आहेत. समजा फेरी दर १५ मिनिटांनी, बस दर १० मिनिटांनी. नशीब जोरावर असेल तर दोन्ही तयार उभ्या, ८ अधिक ३ अधिक १५, २६ मिनिटांत पणजी. नशीब फुटकं असेल तर दोन्ही नुकत्याच सुटलेल्या, म्हणजे वर २५ मिनिटं, झाली ५१. पहिली बस भरलेली गेली तर अजून १०, म्हणजे ६१. आता सव्वाआठला पोचायचंच असेल तर धक्क्यावर ७:२४ ला हवं, आणि भरलेली बस धरली तर ७:१४ ला. ज्याचं प्रॅक्टिकल आहे त्याला ७:१४ सांगा, ज्याला नुसतं मित्राला भेटायचंय त्याला ७:४० सांगितलं तरी त्याचं काही बिघडत नाही. हा फरक ज्या टीमला कळला ती अर्धी जिंकली असं समजा.

हे सगळं लिहायचं कशात? GTFS नावाचा एक साधा फॉरमॅट आहे, २००५ च्या सुमाराला गूगल आणि पोर्टलंडच्या बस कंपनीने मिळून सुरू केला, आज जगभर बसची माहिती मॅपवर टाकायला हाच वापरतात. घाबरू नका, कॉमा घातलेल्या टेक्स्ट फाइली आहेत फक्त. स्टॉप `stops.txt` मध्ये, वेळा `stop_times.txt` मध्ये. आणि फेरीसारख्या, म्हणजे ठरलेली वेळ नाही पण साधारण इतक्या मिनिटांनी सुटते अशा गोष्टीसाठी वेगळी फाइल आहे, माझी चोडणची अशी दिसते:

```
trip_id,start_time,end_time,headway_secs,exact_times
chodan_raibandar,06:30:00,09:30:00,900,0
```

९०० सेकंद म्हणजे १५ मिनिटं, आणि शेवटचं शून्य म्हणतंय की घड्याळाला बांधलेलं नाही, अंदाजाने घ्या. गोव्यातल्या खाजगी बसचा स्वभाव बघता हे शून्य आपल्यासाठीच ठेवलंय असं मला वाटतं.

टीम ३ किंवा ४ जणांची. दोघांची नको, कारण एक झोपला की दुसरा एकटाच एररशी बोलत बसतो, आणि सहा घेतले तर दोघं काम करतात आणि चौघं रॉस ऑम्लेट आणायला जातात (मी स्वतः त्या चौघांत होतो एकेकाळी, म्हणून सांगतोय). वेगवेगळ्या कॉलेजची पोरं एकत्र आली तर बरंच. एक अट मात्र पक्की, टीममधला एक तरी जण ज्या रूटवर काम करताय त्या रूटने रोज येणारा हवा. कोडिंग चारही जणांना यायची गरज नाही, एकाला नीट येऊ दे, आणि एक जण असा हवा जो ड्रायव्हर-कंडक्टरशी न लाजता बोलेल.

रजिस्ट्रेशन कसं करायचं ते नीट वाचा, इथे आम्ही जरा वेगळं केलंय. फॉर्म १२ ऑक्टोबरला सोमवारी सकाळी १० वाजता इथेच माझ्या भिंतीवर टाकतो, ३१ ऑक्टोबरच्या रात्री बंद. एका टीमने एकच फॉर्म भरायचा, त्यात सगळ्यांची नावं, कॉलेज, आयडी कार्डाचा फोटो, आणि तुमचा रूट, कुठून कुठे. आयडिया लिहायचा रकाना नाहीच. त्याच्या जागी एक फाइल जोडायची, तुमच्या गावच्या बसच्या किंवा फेरीच्या कुठल्याही एका खेपेच्या पाच स्टॉपच्या पाच ओळी, स्वतः बसून घेतलेल्या (फेरीला दोनच धक्के म्हणून पुढची बसही धरा). ओळ कशी हवी हे दाखवणारी नमुना फाइल फॉर्मलाच जोडलेली असेल. तेवढ्यावरून आम्ही १८ टीम निवडणार आणि ५ नोव्हेंबरला कळवणार. इंग्लिश, मराठी, कोंकणी, कशातही भरा.

त्या पाच ओळींत काय चुकतं ते आधीच सांगून ठेवतो, नंतर रडू नका. एक, एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की ०७:०५:०० सारख्या वेळेचं रूप बदलू शकतं आणि देवनागरी नावांची कडबोळी होतात, म्हणून सेव्ह करताना `CSV UTF-8` निवडा आणि मग नोटपॅडमध्ये उघडून एकदा डोळ्यांनी बघा. दोन, अक्षांश-रेखांश उलटे टाकू नका. पणजी साधारण १५.४९ आणि ७३.८२ वर आहे, हे उलटं केलंत तर तुमचा बसस्टॉप नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो. हसू नका, माझाच पडला होता, आणि मी अर्धा तास मॅप बिघडलाय म्हणून शिव्या घालत होतो. तीन, रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे स्टॉप हे दोन वेगळे स्टॉप असतात, जाताना एक आणि येताना दुसरा, नाव एकच असलं तरी.

निवड झालेल्या टीमनी डेटा आधी गोळा करून आणायचा आहे, हो, हे चालेल, उलट तेच हवंय, कोड तेवढा हॉलमध्ये लिहायचा. दिवाळी, नरकासुर सगळं आटपल्यावर ११ ते २३ नोव्हेंबर या दिवसांत, कामाच्या वारी, निदान तीन सकाळी तो प्रवास करा. २३ च्या पुढे नको, कारण २४ पासून जुन्या गोव्यात नोव्हेना सुरू होतात, ३ डिसेंबरला सायबाचं फेस्त, मग ८ ला पणजीचं फेस्त, त्या दिवसांत रायबंदरच्या रस्त्यावर घेतलेली वेळ म्हणजे वेळ नव्हे.

शनिवारी सकाळी ९ ला या, १० ला सुरू. रात्री जेवण, चहा, भाजीपाव आमच्याकडून, झोपायला चटया आहेत, मुलींसाठी वेगळी खोली आणि आमच्यातल्या दोघीजणी रात्रभर तिथेच. पहाटे ४ नंतर नवीन काही जोडायचं नाही, जे आहे ते दुरुस्त करायचं, हा नियम आम्ही बोर्डावर लिहिणार आणि तुम्ही मोडणार, ठाऊक आहे मला. रविवारी सकाळी १० ला कोड बंद. मग डेमो, प्रत्येकी पाच मिनिटं, स्लाइड बंदी, नेट बंद करून चालवून दाखवायचं. आणि एक खड्डा आत्ताच दाखवतो: डेमो रविवारी आहे, तुमचा डेटा कामाच्या वारचा. `calendar.txt` मध्ये `sunday` पुढे 0 असेल तर अ‍ॅप सगळ्यांसमोर शांतपणे सांगेल की आज बस नाही. त्यामुळे तारीख निवडायची सोय ठेवा. निकाल अडीचला, म्हणजे काणकोणची आणि पेडण्याची पोरं उजेडात घरी पोचतील, घरी पोचायलाच बस मिळाली नाही तर आमच्या थीमची शोभा.

बक्षिसं: पहिलं ४० हजार, दुसरं २५ हजार, आणि तिसरं बक्षीस आम्ही ठेवलेलंच नाही, त्याऐवजी १५ हजार सगळ्यात स्वच्छ डेटा आणणाऱ्या टीमला, मग तिचं अ‍ॅप डेमोत कोसळलं तरी. यावर आमच्यात बरीच भांडणं झाली, पण माझं म्हणणं की अ‍ॅप सहा महिन्यांत कुणी उघडत नाही, आणि मये-चोडणच्या स्टॉपची नीट यादी कुणी केली तर ती पुढे दुसऱ्याला वापरता येते. म्हणून डेटा सगळ्यांसाठी मोकळा ठेवायचा, ही अट फॉर्मवर टिक करावी लागेल. पैसे टीममध्ये सारखे वाटून प्रत्येकाच्या खात्यावर.

तपासणार कसं? सोमवारी, १४ तारखेला, आमच्यातले चौघं जिंकलेल्या तिन्ही टीमचं उत्तर खिशात घेऊन त्या त्या रूटवर सकाळी निघणार. बक्षिसाचे अर्धे पैसे रविवारी, उरलेले अर्धे आम्ही वेळेवर पोचलो तर. ड्रायव्हर आजारी पडला, फेरी बंद होती, असलं काही झालं तर मंगळवारी परत जाऊ, तेवढी माणुसकी आहे.

येताना लॅपटॉप, चार्जर आणि एक्स्टेन्शन बोर्ड आणा, हॉलमध्ये प्लग कमी आहेत. पाच ओळी घ्यायला उद्या सकाळचीच बस धरा, फॉर्म उघडेपर्यंत थांबू नका.