पालीचं विष, मिठाचं पाणी आणि नक्की काय फेकायचं

"सावधान!! शिजलेल्या अन्नात पाल पडली तर तिच्या अंगातलं विष अन्नात उतरतं आणि दहा मिनिटांत माणूस कोसळतो. अन्न उकळलं तर विष आणखी वाढतं. कोणी खाल्लं असेल तर लगेच ग्लासभर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालून पाजा आणि उलटी करवा. ते भांडं परत वापरू नका, कितीही घासलं तरी विष जात नाही. सगळ्या ग्रुपवर पाठवा, कोणाचा तरी जीव वाचेल."

जीव वाचायचा राहिला बाजूला, जाण्याचीच सोय आहे यात. एरवी असले मेसेज मी वाचून सोडून देतो, पण हा माझ्या मावसबहिणीकडे पोचला आणि तिने हातात मिठाचा डबा घेऊनच मला फोन केला की दादा, पोरगा चार वर्षांचा आहे, त्याला दोन चमचे जास्त होतील का, एक पुरेल? पोराने दोन घास खाल्ले होते आणि तो मागे मस्त आरडाओरडा करत खेळत होता, मला फोनवर ऐकू येत होतं. म्हणून मिठापासूनच सुरुवात करतो, बाकीचं नंतर.

एका सपाट मोठ्या चमच्यात साधारण 18 ग्रॅम मीठ मावतं. चार वर्षांचं मूल धरा 15 किलोचं, त्याच्या अंगात सगळं मिळून जवळपास 9 लिटर पाणी. दोन चमचे पाजले, त्यातला एक उलटीत बाहेर पडला असं समजू, एक पोटात राहिला आणि रक्तात गेला. रक्तातलं सोडियम लिटरमागे 135 ते 145 मिलिमोल असतं, ते या एका चमच्याने अंदाजे 34 ने वर जातं, म्हणजे 140 चं 174. हा ढोबळ हिशोब आहे पण 160 च्या पुढे गेलं की डॉक्टर लोक गंभीर म्हणतात, म्हणजे आपण कुठे पोचलो बघा. अशा वेळी मेंदूतल्या पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं जातं, मूल आधी प्रचंड तहानेलं आणि चिडचिडं होतं, मग गुंगीत जातं, मग झटके येऊ शकतात. आणि गंमत (गंमत कसली!) अशी की उलटी व्हायलाच हवी असं काही नाही, कधी होतच नाही, मग लोक दुसरा ग्लास पाजतात. मीठ पाजून उलटी करवण्यात मुलंच काय, मोठी माणसंही दगावल्याच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. म्हणूनच विषबाधेच्या उपचारात हा प्रकार केव्हाच बाद झालाय, खरं विष पोटात गेलेलं असलं तरीसुद्धा. इथे तर विषच नाही.

हो, नाहीच. घरातल्या भिंतीवरच्या पालीला विषाच्या ग्रंथीच नसतात. कातडीत नाही, शेपटीत नाही, लाळेत नाही. जगात ज्या सरड्यांचं विष माणसाला खरंच त्रास देतं त्यातले ठळक म्हणजे अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडचा आणि मेक्सिकोतला गिला मॉन्स्टर आणि त्याचा भाऊबंद बीडेड लिझार्ड, आणि ते सुद्धा चावून विष सोडतात, अन्नात पडून नाही. उकळल्याने वाढणारा भाग तर कुठून आणला देव जाणे. शिजवल्याने विष वाढत नसतं.

आता जे खरं आहे ते नाईलाजाने मान्य करतो. पाल पडलेलं अन्न खाऊन माणूस आजारी पडू शकतो. कारण विष नाही, सॅल्मोनेला. हा जंतू सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात आरामात राहतो, पालीला स्वतःला काही होत नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या घरांमधून पाली पकडून त्यांच्या आतड्यातला ऐवज तपासला होता, 2011 मध्ये तो अभ्यास छापून आला. काही पालींमध्ये सॅल्मोनेलाचे विर्शो आणि वेल्टेव्रेडेन असे दोन प्रकार सापडले, हे दोन्ही माणसाला आजारी पाडणारे. सगळ्या पालींमध्ये नाही, काहींमध्येच. पण आपल्या पातेल्यात पडलेली कुठली हे बघून कळत नाही, त्यामुळे सगळ्या तशाच धरायच्या. आणि धोका मुख्यतः तिच्या विष्ठेचा. ओट्यावर कडेला काळी बारीक लेंडी दिसते आणि एका टोकाला पांढरा ठिपका असतो ना, ती पालीची (उंदराच्या लेंडीला तो पांढरा भाग नसतो). ती लेंडी उघड्या अन्नात पडली की जोखीम तीच, पण त्यासाठी कोणी मेसेज फिरवत नाही कारण लेंडी पालीइतकी भयानक दिसत नाही.

आता हे दहा मिनिटांत कोसळण्याचं प्रकरण. सॅल्मोनेला पोटात गेल्यावर त्रास सुरू व्हायला साधारण 6 तास ते 6 दिवस लागतात. जुलाब, ताप, पोटात कळा. त्यामुळे पातेल्यात पाल दिसली आणि पाचव्या मिनिटाला सगळ्यांना मळमळायला लागलं तर ती किळस आणि भीती आहे. ती खोटी नसते, उलटी खरीच होते, पण ती जंतूची नाही. एकाला झाली की बघून दुसऱ्याला होते, पंगतीत किंवा शाळेत असेल तर पन्नास जणांना होते. त्यांना शांत बसवायचं, थोडं थोडं पाणी द्यायचं.

याला एकच अपवाद आणि तो नीट वाचा. खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासात तोंडातून लाळ गळायला लागली, दरदरून घाम आला, डोळ्यातल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, श्वास घ्यायला त्रास होतोय, तर पालीचा विषय सोडून द्या, हे कीटकनाशक असू शकतं, थेट हॉस्पिटल गाठा आणि उरलेलं अन्न झाकून सोबत न्या. "पाल पडली असेल" म्हणून वेळ घालवणं इथे महागात पडतं. शिवाय स्वयंपाकघरात नुकताच स्प्रे मारला असेल आणि मग पाल पडली असेल तर स्प्रेच अन्नात गेला नाही ना हा प्रश्न आधी विचारा. तसं असेल तर अन्न उकळून उपयोग नाही, सगळं फेका.

तर आता काय ठेवायचं, काय टाकायचं. मावसबहिणीकडे काय झालं होतं तेच घेतो. रात्री नऊला रस्सा केला, झाकण अर्धवट, पातेलं ओट्यावरच. सकाळी सातला नुसता कोमट करून पोराला दोन घास भरवले आणि मग डावाला पाल लागली. केव्हा पडली माहीत नाही. नवाला उकळत्या रश्श्यात पडली असती तर जंतू तेव्हाच मेले असते. पण अकराला, रस्सा कोमट झाल्यावर पडली असेल तर सकाळपर्यंत आठ तास मिळाले, आणि कोमट ओलसर अन्नात सॅल्मोनेला 20-30 मिनिटांत दुप्पट होतो. अर्ध्या तासाला दुप्पट धरलं तरी आठ तासांत एकाचे 65 हजार. म्हणून वेळ माहीत नसेल तर वाईट वेळ धरायची आणि सगळा रस्सा फेकायचा, पाल आणि आजूबाजूचा चमचाभर काढून नाही, सगळा. पातळ पदार्थात "आजूबाजूचं" असं काही नसतं. परत खळखळून उकळला तर सॅल्मोनेला मरेल हे खरं, पण रात्रभर बाहेर राहिलेल्या अन्नात इतर काही जंतू असं विष तयार करून ठेवतात जे उकळूनही जात नाही. उघडा रस्सा दहा तास बाहेर होता, तो पाल नसती तरी फेकायचाच होता, हे तिला सांगितलं तर तिला फारसं आवडलं नाही.

पोराला काय केलं? काहीच नाही. वेळ लिहून ठेवली, नेहमीसारखं खायला-प्यायला दिलं आणि सहा दिवस लक्ष ठेवायला सांगितलं. कोणालाही जुलाब लागले तर ओआरएस, आणि शौचात रक्त, 102 च्या वर ताप, पाणीसुद्धा पोटात न टिकणं, लघवी कमी होणं, मूल मलूल होणं यातलं काहीही दिसलं तर डॉक्टर. पण पाच वर्षांखालची मुलं, म्हणजे हा पोरगाही, म्हातारी माणसं, गरोदर बायका आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांच्या बाबतीत जुलाब सुरू झाले की लगेचच दाखवा. जुलाब बंद करायची गोळी मुलाला स्वतःच्या मनाने देऊ नका.

उकळत्या पातेल्यात डोळ्यासमोर पाल पडली आणि नंतरही पाच-दहा मिनिटं ते खळखळत होतं, तर ते चुकून खाल्लेल्याने घाबरायचं कारण नाही. फेकाल तर किळसेपोटी फेका, मीही फेकेन. दूध गार झाल्यावर पडली तर ओतून द्या. पिण्याच्या पाण्याचं भांडं रिकामं करा. शिजवलेला कोरडा पदार्थ असेल तरी फेका, कारण ती कुठून कुठे फिरली ते दिसत नाही. कच्चं धान्य मात्र वाचतं: पाल आणि भोवतालचं दोन-चार मुठी काढून टाका, बाकीचं निवडून धुऊन नीट शिजवा. पीठ धुता येत नाही, त्यात मेलेली सापडली तर ते घालवा.

आणि भांडं फेकू नका, प्लीज. स्टील, काच, ॲल्युमिनियम साबणाने घासा, वरून उकळतं पाणी ओता, झालं. चरे पडलेलं प्लास्टिक आणि भेगा गेलेला लाकडी चमचा असेल तर बदला, भेगेत साबण पोचत नाही. लोक भांडं चारदा घासतात आणि ज्या फडक्याने ओट्यावर सांडलेलं पुसलं तेच फडकं नंतर ताटं पुसायला घेतात, तर आधी ते फडकं उकळत्या पाण्यात टाका.