वर्गशिक्षकांना पत्र असं लिहा, की भेट होणारच नाही

तुमच्या पोराचा घटक चाचणीचा निकाल हातात पडला असेल, गणिताच्या रकान्यात लाल शाईनं काही लिहिलं असेल आणि घरात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलत नसेल, तर आता तुम्ही वर्गशिक्षकांना पत्र लिहिणार. लिहाच. बसस्टँडसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. पीकविम्यापासून रेशनकार्डापर्यंत सगळे अर्ज माझ्या हाताखालून जातात. ऑगस्टमध्ये आणि दिवाळीनंतर त्यात या पत्रांची भर पडते. तेव्हा जे सांगतो ते अनुभवानं सांगतो.

पहिली गोष्ट, पत्र पोरालाच लिहायला लावा. त्याचं अक्षर चांगलं असतं, आणि आपलं पत्र वर्गशिक्षकांपर्यंत पोचू नये अशी मनापासून इच्छा असलेला घरात तो एकटाच माणूस असतो. पोचवायचं कामही त्यालाच द्या. डब्याखाली दाबून पत्र दप्तरात गेलं, की तेल त्याला आपसूक मंजुरी देतं.

विषयाची ओळ मोघम हवी. ‘विषय : पाल्याच्या प्रगतीबाबत.’ यातला ‘बाबत’ फार कामाचा शब्द आहे. त्यात अधोगतीही मावते. ‘गणितातले गुण घसरल्यामुळे दहा मिनिटं भेटण्याबाबत’ असं कधीही लिहू नका. वाचणाऱ्याला लगेच कळतं की तुम्हाला काय हवंय, आणि मग त्याला ते द्यावं लागतं.

मजकूर मात्र घसघशीत असावा. आमच्याकडे दर बुधवारी येणारे एक भाऊ आहेत. तीन एकर कपाशी, थोडी तूर, मुलगा नववीत. त्यांचं पत्र मी नमुना म्हणून जपून ठेवलंय. सुरुवात ‘उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की’ अशी. पुढे आजोबा त्याच शाळेत शिकले, काकांना चौथीत शिष्यवृत्ती होती, घरात कोणालाही कसलं व्यसन नाही. मग यंदाचा पाऊस. मग मुख्य वाक्य : ‘आठवीत गणितात अ-२ श्रेणी असलेला माझा पाल्य नववीत एकाएकी नापास कसा होतो, याचा आपण गांभीर्याने विचार करावा.’

या वाक्याला माझ्याकडून शंभरपैकी शंभर. कारण आठवीची श्रेणी आणि नववीचे गुण यांना त्यानं एकाच पंगतीत बसवलं. आठवीत शंभरातले चाळीस गुण आकारिक मूल्यमापनाचे असतात. तोंडी काम, प्रकल्प, गृहपाठ, उपक्रम, सगळं त्यात येतं. उरलेले साठ संकलितचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे. या पोराला गणितात आकारिकचे ३८ आणि संकलितचे ४३ होते, म्हणजे ८१, म्हणजे अ-२. आकारिकचे बाजूला काढले तर साठातले ४३ उरतात. नववीची घटक चाचणी वीस गुणांची आणि लेखी, तिच्यात पोराला सहा. त्या मापानं पोराचे आठवीतले गुण झाले वीसपैकी चौदा. तेव्हा घसरण ‘अ-२ वरून नापास’ अशी नाही, चौदावरून सहावर अशी आहे. तीही मोठीच आहे, पण ती एक ठराविक घसरण आहे आणि तिला एक ठराविक कारण असू शकतं. हा हिशोब कृपया घरी करू नका. पाच मिनिटांत होतो, आणि पत्रातला सगळा जोश उतरतो.

त्याच कारणासाठी बाकीच्या विषयांकडेही बघू नका. भाऊंच्या पोराला मराठीत १५, हिंदीत १४, विज्ञानात १४, सामाजिक शास्त्रात १३ होते. इंग्रजीत ११, पण ते गेल्या वर्षीही तेवढेच होते. एकटं गणितच पडलेलं. असं दिसलं की माणसाच्या डोक्यात नको ते प्रश्न येतात. गणिताचा तास कधी असतो? कोण घेतं? वहीच्या शेवटच्या पानावर वेळापत्रक लिहिलेलं असतं, ते उघडावंसं वाटतं. उघडलंत तर दिसेल की सोमवार ते शुक्रवार पहिला तास गणिताचा आहे आणि तो वर्गशिक्षकच घेतात. म्हणून सांगतो, ‘अभ्यासात लक्ष नाही’ एवढंच लिहा. हे कोणत्याही पोराला लागू पडतं, त्यामुळे चुकीचं ठरत नाही.

निकालाच्या कागदावर खाली कोपऱ्यात एक बारीक रकाना असतो : उपस्थिती. तिथं बोट ठेवून सही करा, म्हणजे तो झाकला जाईल. भाऊंनी तसंच केलं होतं. त्या रकान्यात लिहिलं होतं, जुलै, कामाचे दिवस २५, हजर ८. मी टाईप करताना विचारलं, भाऊ, हे काय? ते म्हणाले, “चुकीनं लिवलं असन. पोट्टं रोज डबा घेऊन जाते, मी सोता पायतो.” खरंच पाहत होते. आणि शाळेत सरही स्वतः पाहत होते की बाक रिकामा आहे. दोघंही आपापल्या जागी खरे. अशा वेळी दोघांची भेट झाली तर काय अनर्थ होईल, कल्पना करा.

म्हणून भेटीची वेळ कधीही ठरवू नका. ‘आपल्या सवडीनुसार वेळ द्यावा’ असं लिहा. ऑगस्टमध्ये ज्या माणसाकडे चाचणीचे पेपर, मतदारयादी आणि स्वातंत्र्यदिनाचं लेझीम आहे, त्याला सवड या जन्मात सापडत नाही. तुमचा फोन नंबर लिहू नका, सरांना शोधू द्या. भेटायचंच झालं तर बाजाराच्या दिवशी मधल्या सुट्टीत जा, हातात वांग्याची पिशवी घेऊन, शंभर पोरांच्या गलक्यात. शनिवारी शाळा सकाळची असते, अकराला सुटते, त्यानंतर शिक्षक खोलीत निवांत रजिस्टर लिहीत बसलेले असतात आणि हजेरीपट समोरच उघडा असतो. शनिवार टाळा.

आता सर्वात महत्त्वाचं, प्रतिलिपी. पत्राच्या खाली डावीकडे ‘प्रत माहितीस्तव’ लिहून मुख्याध्यापक, संस्थेचे अध्यक्ष आणि शिक्षणाधिकारी यांची नावं टाका. मनात आलं तर सरपंचही. पत्र शाळेच्या बाबूकडे देऊन आवक क्रमांक घ्या. एकदा शिक्का बसला की ते पत्र उरत नाही, प्रकरण होतं. मग वर्गशिक्षक तुमच्याशी बोलत नाहीत, मुख्याध्यापकांना खुलासा देतात. भाऊंना तोच मिळाला, आठ दिवसांनी, मुख्याध्यापकांच्या सहीनं : ‘सदर विद्यार्थी सतत गैरहजर राहत असून पालक त्यास शेतीकामास नेत असल्याचे दिसून येते.’ दिसून कोणाला आलं, हे विचारायचं नसतं. डवरणीचे दिवस होते, बाक रिकामा होता, सरांनी दोन अधिक दोन केले. गणिताचेच शिक्षक ते.

भाऊ तो कागद घेऊन थरथरत दुकानात आले. “मी पोट्ट्याले वावरात नेतो? लिवा आता. कडक लिवा.” सोबत पोरगाही होता, घरी जायच्या गाडीची वाट बघत. दुसरं पत्र टाईप करत असताना मी सहज त्याला विचारलं, तू शाळेत पोचतोस कधी? तो झेरॉक्सच्या मशीनकडे बघत म्हणाला, “गाडी अकरा पंचवीसले लागते.”

शाळा अकराची. प्रार्थना झाली की हजेरी, हजेरी झाली की गणित, तास सुटतो पावणेबाराला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात नाल्यावरचा पूल खचला, तेव्हापासून गाडी फेऱ्यानं येते. स्टँडवरून शाळा दहा मिनिटं चालत. शेवटच्या दहा मिनिटांसाठी वर्गात गेलं तर सर उभं करतात, म्हणून हा पाण्याच्या टाकीमागं बसून राहायचा आणि घंटा झाली की दुसऱ्या तासाला आत शिरायचा. पुढचा सगळा दिवस वर्गात, फक्त रजिस्टरात नाही. आठ हजेऱ्यांचा हिशोबही जुळला. चार दिवस पूल खचायच्या आधीचे आणि चार शनिवार. शनिवारी तो पहाटे दूधवाल्याच्या मोटरसायकलवर बसून यायचा.

“घरी काहून नाही सांगितलं?” भाऊंनी विचारलं.

“तुमी म्हटलं असतं, उशिराच जातं त मंग सकाळी एक तास फवारा मारून जा.”

भाऊ यावर काही बोलले नाहीत. मशीनचा पंखा तेवढा फिरत होता.

मी तेव्हा एक चूक केली. ती तुम्ही करू नका. कोरा कागद घेतला आणि पाच ओळी टाईप केल्या :

‘सर, मुलाला गणितात वीसपैकी सहा मिळाले, बाकी विषय ठीक आहेत. पूल खचल्यापासून गाडी ११.२५ ला येते, त्यामुळे पहिला तास बुडतो आणि हजेरी लागत नाही. दुसऱ्या तासापासून तो वर्गात असतो, त्या तासाच्या सरांना विचारावं. बुडालेला भाग कसा भरून काढायचा आणि उशिराची हजेरी कशी लावता येईल, हे बोलायला या शनिवारी साडेअकराला येऊ का? खाली माझा नंबर आहे.’

भाऊंनी कागद दोनदा वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली. मागे काही नव्हतं.

“ह्यात काई वजन नाही ना बाप्पा,” ते म्हणाले. “सरायले वाटन का बाप अडाणी हाय. उपरोक्त नाही, सविनय नाही. आन् तुमी पानाचे वीस रुपये घेता, हे त अर्धं पानबी नाही.”

वीस रुपयांचा मुद्दा बिनतोड होता. मी दोन पानी पत्र पूर्ण केलं. खुलाशाचा निषेध, आजोबा, काकांची शिष्यवृत्ती, यंदाचा पाऊस, प्रतिलिपी पाच. भाऊंनी सही केली, पोरानं माझ्या काउंटरवरचा पाच ओळींचा कागद ओढून घेतला आणि पेनानं त्यात काही खोडायला लागला.

“काय करून राहिला रे?”

“११.२५ नाही,” तो म्हणाला. “सोमवारपासून दुसराबी रस्ता खराब झाला. आता ११.४० ला येते.”

“तू मधात बोलू नको,” भाऊ म्हणाले, आणि मला विचारलं, शिक्षणमंत्र्यांना एक प्रत पाठवायची झाली तर पत्ता माहीत आहे का.