अकरावा गडी बाद करण्याची कृती

सोसायटीच्या गणेशोत्सवाची स्मरणिका निघते आहे आणि तुमच्याकडे तात्यांवरचा लेख आलाय? अभिनंदन. आता स्कोअरबुकाच्या वाटेला जाऊ नका.

जन्मतारखेपासून सुरुवात करा. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल, तर ती निमूट उतरवून घ्या. पोराला पहिलीत घालताना मास्तरांनी सोयीने टाकलेली तारीख, हे नौपाड्यात कुणाला सांगायला हवं? पण मोठ्यांच्या बाबतीतही असंच चालतं. शाहीद आफ्रिदीने ४ ऑक्टोबर १९९६ रोजी नैरोबीत ३७ चेंडूंत शतक ठोकलं, तेव्हा त्याचं वय १६ वर्षं २१७ दिवस असल्याची नोंद झाली. पुढे त्यानेच लिहिलं की, मी तेव्हा १९ वर्षांचा होतो आणि माझा जन्म १९७५ चा. वजाबाकी केली तर २० किंवा २१ येतं. म्हणून करू नका. वर ‘पदार्पणातच शतक’ असंही खुशाल लिहा. त्याचा पहिला सामना दोन दिवस आधी केनियाशी झाला होता, त्यात त्याची फलंदाजीच आली नाही, असली कुजकट माहिती वाचकाला कशाला?

तात्यांच्या पदार्पणाची तारीख कात्रणावरून घ्या. कात्रण सोमवारच्या पेपरातलं आहे, सामना कांगा लीगचा, म्हणजे रविवारचा. तरी सोमवारच लिहा. सोमवारी तात्या कचेरीत हजर होते, हे हजेरीपटाला ठाऊक. तो कोण उघडतोय?

खरी मेख बळींची. कात्रण म्हणतं, ‘४१ धावांत ५ बळी’. मी मात्र आगाऊपणा करून स्कोअरबुक मिळवलं. उंदरांनी कोपरा खाल्लाय, पेन्सिल पुसट झालीय, पण तात्यांच्या रकान्यात चारच फुल्या आहेत. पाचवा फलंदाज, ज्याच्या दांड्या तात्यांनी उडवल्याचं आम्ही लहानपणापासून ऐकतोय, त्याच्या नावापुढे ‘धावचीत’ लिहिलंय. तरीही लेखनिकाची चूक असेल म्हणून मी बेरीज केली. गोलंदाजांचे बळी ९ आणि धावचीत १, एकूण १०. डाव तिथेच आटोपलेला. तात्यांना पाचवा बळी द्यायचा आणि धावचीतही ठेवायचा, तर अकरावा गडी बाद करावा लागतो. धावचीत खोडावा, तर गडी बाद होण्याच्या क्रमातही तेच नाव, तोच शब्द, त्याच हस्ताक्षरात. पेपरवाल्याने बहुधा तात्यांच्या षटकात पडलेला गडी तात्यांच्याच खाती मांडला.

सरासरी ८.२० ची १०.२५ झाली.

मी हे तात्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, पान निरखून पाहिलं आणि म्हणाले, “थ्रो माझाच होता रे.”

स्मरणिकेत ५ बळीच छापा. तात्यांनी अर्ध्या पानाच्या जाहिरातीचे पैसे दिलेत.